आर्क फर्नेसशेजारी स्टॅटकॉम लावायचा की स्विच होणारी कपॅसिटर बँक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टील प्लँटमध्ये इलेक्ट्रिकल सांभाळणारे लोक, आणि कधीकधी थेट त्यांचे मालक, हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात: फर्नेसमुळे नाचणारं व्होल्टेज धरायला कपॅसिटर पुरतील, की स्टॅटकॉम, म्हणजे इन्व्हर्टरने रिॲक्टिव्ह पॉवर देणारं-घेणारं मशीन, लागेल? म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतोय. उदाहरण शेवटपर्यंत एकच धरलंय म्हणजे आकडे आपापसात जुळतील. १३२ केव्हीची लाइन आहे, तिथे ग्रिडची फॉल्ट लेव्हल, म्हणजे शॉर्ट सर्किट झालं तर ग्रिड जेवढं देईल तो आकडा, २००० एमव्हीए. खाली १३२/३३ चा १०० एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, इम्पीडन्स १२ टक्के. त्याच्या ३३ केव्ही बसवर एक आर्क फर्नेस. दोन्ही इम्पीडन्स एकत्र केले की ३३ च्या बसवर फॉल्ट लेव्हल ५९० एमव्हीएच्या आसपास येते. हा प्लँट मी हिशेबासाठी रचलाय, कुठलाही खरा नाही, पण या साइजचे असतात.

फर्नेस नक्की असं काय करते की एवढा गोंधळ होतो?

बकेटमधून स्क्रॅप पडतं, झाकण बसतं, इलेक्ट्रोड खाली येतात आणि स्क्रॅपमध्ये भोक पाडत जातात, यालाच बोअरिंग म्हणतात. या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत आर्क कधी पेटतो कधी विझतो, वरचा एखादा तुकडा घसरून इलेक्ट्रोडला चिकटला की सरळ शॉर्ट सर्किट, तो वितळला की परत आर्क. हे सेकंदाला अनेकदा चालू असतं आणि तिन्ही फेजमध्ये वेगवेगळं चालू असतं.

आपल्या फर्नेसला तिन्ही इलेक्ट्रोड बुडाले तर ग्रिडकडून ८० एमव्हीए ओढले जातात आणि ते जवळपास सगळे रिॲक्टिव्ह असतात. नीट चालू असताना ती ३८ मेगावॅट आणि रिॲक्टिव्हचे २९ मेगाव्हार घेते, म्हणजे पॉवर फॅक्टर, पीएफ, ०.८. आर्क विझला की दोन्ही शून्य. म्हणजे रिॲक्टिव्हचा आकडा शून्य, २९, ८० यांच्यात नाचत राहतो, आणि व्होल्टेज त्याच्यामागे नाचतं. किती, ते काढायला कॅल्क्युलेटरही लागत नाही, मेगाव्हारमधला बदल भागिले फॉल्ट लेव्हल. २९ वरून ८० म्हणजे ५१ चा बदल, ३३ केव्ही बसवर ५१/५९० म्हणजे साडेआठ टक्क्यांचा डिप, आणि १३२ वर ५१/२००० म्हणजे अडीच टक्के. १३२ वरचा हा अडीच टक्केच महत्त्वाचा, कारण त्याच लाइनवर शेजारची गावं आणि बाकीचे कारखाने आहेत.

आमचा पीएफ ०.९८ येतो, बिलही छान येतं, मग लोकांच्या घरी दिवे का लुकलुकतात?

कारण बिल सरासरी बघतं आणि डोळा सरासरी बघत नाही. मीटरचं काम हीटभरात, म्हणजे एक बॅच वितळून होईपर्यंत, किती रिॲक्टिव्ह युनिट फिरले ते मोजायचं. ३० मेगाव्हारची बँक नुसती चालू करून ठेवली तरी फर्नेसचे सरासरी २९ भागतात आणि पीएफ एकच्या जवळ दिसतो. पण फर्नेस शून्य ते ८० नाचतच असते, आता ती उणे ३० ते अधिक ५० अशी नाचते एवढंच. नाच तेवढाच राहिला, फक्त त्याचा मधला बिंदू सरकला.

डोळ्याचं म्हणाल तर दिव्याच्या उजेडातला बदल सेकंदाला साधारण नऊ वेळा झाला की तो सगळ्यात जास्त खुपतो. या लुकलुकण्याला फ्लिकर म्हणतात, तो मोजणाऱ्या फ्लिकर मीटरच्या स्टँडर्डमध्ये हा आकडा ८.८ हर्ट्झ आहे, आणि त्या वेगाला व्होल्टेज पाव टक्का हललं तरी जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या दिव्याखाली बसलेल्या माणसाला जाणवतं. आपल्याकडे अडीच टक्के हलतंय, दहापट.

फ्लिकर मोजायचा आकडा म्हणजे पीएसटी, दर दहा मिनिटांना एक येतो. एक म्हणजे बहुतेकांना त्रास व्हायला लागतो ती रेघ. १३२ सारख्या लेव्हलला आयईसीच्या ६१०००-३-७ मध्ये नियोजनासाठी ०.८ धरलाय. आपल्या फर्नेसचा ढोबळ अंदाज असा काढतात: फर्नेसचे शॉर्ट सर्किटचे एमव्हीए भागिले ग्रिडचे एमव्हीए गुणिले ६० च्या आसपासचा एक आकडा (तो ४८ ते ८५ मध्ये कुठेही असू शकतो, स्क्रॅप आणि फर्नेसवर अवलंबून). ८०/२००० गुणिले ६० म्हणजे २.४. आपल्याला पाहिजे ०.८. तिप्पट कमी करायचाय, आणि पुढचं सगळं या तिपटीभोवती फिरतं.

मग कपॅसिटरचे तीन स्टेप करून फास्ट रिलेने चालू-बंद केले तर नाही का जमणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो कारण कपॅसिटर स्वस्त आहेत आणि स्टॅटकॉमचं कोटेशन बघून मालकाला घाम फुटतो. समजा १० मेगाव्हारचे तीन स्टेप केले. आता अडचणी बघा.

पहिली म्हणजे कपॅसिटर बंद केला की त्यात चार्ज राहतो. आयईसीप्रमाणे एचटी कपॅसिटर बंद केल्यावर दहा मिनिटांत ७५ व्होल्टच्या खाली आला पाहिजे, आतला डिस्चार्ज रेझिस्टर तेवढाच असतो. चार्ज असताना परत ब्रेकर मारला आणि उलट्या पोलॅरिटीला सापडला तर इनरश आणि ओव्हरव्होल्टेज दोन्ही एवढे येतात की कपॅसिटर फुगतो, म्हणून रिलेत दहा मिनिटांचं लॉक टाकलेलं असतं. आणि दहा मिनिटांत फर्नेसने किती वेळा उड्या मारल्या असतील ते तुम्हीच मोजा. डिस्चार्ज व्हीटी लावून ही वेळ कमी करता येते हे खरं, पण पुढच्या दोन अडचणी तशाच राहतात.

दुसरी अडचण ब्रेकरचं आयुष्य. चांगला, एम२ क्लासचा ब्रेकर १०,००० ऑपरेशनसाठी टेस्ट केलेला असतो. मिनिटाला एकदा जरी मारला, जे फ्लिकरसाठी काहीच नाही, तरी दिवसाला १४४० ऑपरेशन झाले, म्हणजे आठवड्यात ब्रेकरचं टेस्टेड आयुष्य संपलं.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. ब्रेकरचे कॉन्टॅक्ट जुळायलाच ६०-८० मिलिसेकंद लागतात, रिलेचं मोजणं-ठरवणं वेगळंच. ८.८ हर्ट्झची एक फेरी ११४ मिलिसेकंदांची असते. म्हणजे डिप आला म्हणून कपॅसिटर मागवला तर तो पोचेपर्यंत अर्धी फेरी उलटलेली असते, आर्क विझलेला असतो, व्होल्टेज आधीच वर गेलंय आणि त्यावर आपण अजून १० मेगाव्हार टाकतोय, म्हणजे १०/५९०, पावणेदोन टक्क्यांची आणखी एक उडी.

वर डिपच्या वेळी कपॅसिटर स्वतःच कमी देतो, कारण त्याचे मेगाव्हार व्होल्टेजच्या वर्गावर चालतात. व्होल्टेज ९१ टक्के झालं की ३० मेगाव्हारच्या बँकेतून २५ च निघतात, नेमकं जेव्हा जास्त पाहिजेत तेव्हा.

उशीर थोडासा झाला तर एवढं काय बिघडतं? थोडा तरी फायदा होईलच की.

नाही, आणि ही गोष्ट नीट समजली की बाकी सगळं आपोआप समजतं. झोपाळा थांबवायचाय असं समजा. तो तुमच्याकडे येताना हात लावला तर थांबतो, पण तुमचा हात जरा उशिरा गेला, तोपर्यंत झोपाळा परत फिरला, तर तोच हात त्याला अजून ढकलतो. उशिराने दिलेले मेगाव्हार असेच वागतात.

गणितात एवढंच आहे. नाच f हर्ट्झचा असेल आणि आपली भरपाई बरोबर तेवढीच पण T सेकंद उशिरा पोचत असेल, तर मूळ नाचापैकी उरलेला भाग असा निघतो (कोन अंशात):

```
उरलेला भाग = 2 × sin(180 × f × T)
```

f ला ८.८ ठेवा. उशीर २० मिलिसेकंद, म्हणजे एक अख्खी सायकल, तर उत्तर १.०५. म्हणजे पूर्ण साइजची भरपाई देऊनही फ्लिकर पाच टक्के वाढला! साधारण १९ मिलिसेकंदांना उत्तर बरोबर १ येतं, तिथे पैसे घालून फायदा शून्य. उशीर १० मिलिसेकंद केला तर ०.५५ उरतो, म्हणजे निम्म्याच्या जवळ. ५ मिलिसेकंदांना ०.२८, म्हणजे साडेतीनपट सुधारणा. आपल्याला तिप्पट पाहिजे होती ना, ती या शेवटच्या ओळीत सापडते, वरच्या दोन्हीत नाही.

अर्थात खरी फर्नेस एकाच फ्रिक्वेन्सीला नाचत नाही, संथ बदलही असतात आणि ८.८ पेक्षा वेगवानही, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे इकडेतिकडे होतात. पण कोणतं मशीन कुठल्या रांगेत बसतं ते ठरवायला हे पुरतं.

थायरिस्टरने स्विच होणारे कपॅसिटर असतात, त्यांचं काय? त्यात ब्रेकर नाही, डिस्चार्जचीही भानगड नाही म्हणतात.

बरोबर म्हणतात. थायरिस्टर कपॅसिटरला त्या क्षणी जोडतो जेव्हा लाइनचं आणि कपॅसिटरचं व्होल्टेज सारखं असतं, त्यामुळे झटका बसत नाही, ऑपरेशनही मोजायला नकोत. पण असा क्षण येण्याची वाट बघावी लागते, आणि मोजणं धरून एका सायकलच्या आसपास उशीर होतोच. म्हणजे आपल्या हिशेबातली २० मिलिसेकंदवाली ओळ. शिवाय देणं पायऱ्यांनी, मधला आकडा देता येत नाही.

स्पॉट वेल्डिंगच्या शॉपमध्ये हे छान चालतं, कारण तिथे मशीन स्वतःच वेल्डचा सिग्नल आधी देऊ शकतं, म्हणजे उशीर राहतच नाही. फर्नेस कुणाला विचारून शॉर्ट होत नाही.

थायरिस्टर रिॲक्टरवाला जुना एसव्हीसी १० मिलिसेकंदांच्या ओळीत बसतो, कारण थायरिस्टरला अर्ध्या सायकलमध्ये एकदाच फायर करता येतं, एकदा फायर केला की पुढच्या झिरोपर्यंत तुमच्या हातात काही नाही. फर्नेसवर त्याची सुधारणा दुपटीच्या आसपास अडकते ती यामुळेच. तुमचा पीएसटी १.४ असेल तर एसव्हीसी पुरेल, उगाच स्टॅटकॉमच्या मागे लागू नका.

स्टॅटकॉम मग एवढा फास्ट कसा? त्याच्या आत काय असतं?

आत एक इन्व्हर्टर असतो. डीसीचे कपॅसिटर, त्यावर आयजीबीटी, म्हणजे झटपट चालू-बंद होणारे सेमीकंडक्टर स्विच, आणि एक रिॲक्टर मध्ये घालून बसला जोडलेला. इन्व्हर्टरचं व्होल्टेज बसपेक्षा थोडं जास्त ठेवलं की तो कपॅसिटरसारखा वागतो, थोडं कमी ठेवलं की रिॲक्टरसारखा. आयजीबीटी थायरिस्टरसारखा झिरोची वाट बघत नाही, सायकलच्या मधेच कधीही बंद करता येतो, त्यामुळे मोजणं-ठरवणं-देणं सगळं मिळून ३ ते ५ मिलिसेकंदांत उरकतं.

व्होल्टेज पडलं तरी तो करंट तेवढाच देत राहतो. बस ९० टक्के झाली तर मेगाव्हार ९० टक्के मिळतात, कपॅसिटरसारखे ८१ नाहीत. आणि तिन्ही फेजना वेगवेगळा करंट देता येतो, जो फर्नेसला लागतोच, कारण दोन इलेक्ट्रोड शॉर्ट आणि तिसरा उघडा अशी अवस्था बोअरिंगच्या वेळी नेहमीचीच. तीन फेजचा ब्रेकर एकत्र मारणारी बँक इथे काय करणार.

एक मात्र लक्षात ठेवा, तो मेगावॅट देऊ शकत नाही. डीसी कपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा एखाद्या सायकलच्या कामाची असते, बॅटरी नव्हे. फर्नेसच्या मेगावॅटच्या उड्यांमुळे जे थोडं हलतं ते हलणारच. १३२ केव्हीला लाइनचा रेझिस्टन्स रिॲक्टन्सच्या मानाने कमी असतो म्हणून ते सहसा चालून जातं, पण लांबच्या ३३ केव्ही लाइनच्या टोकाला फर्नेस असेल तर हा भाग मोजून बघा.

मग कपॅसिटर काढूनच टाकायचे का? आणि स्टॅटकॉम किती मेगाव्हारचा घ्यायचा?

कपॅसिटर काढू नका, उलट त्यांच्यामुळेच स्टॅटकॉम अर्धा होतो. स्टॅटकॉम दोन्ही बाजूंना चालतो, ±३० चा घेतला तर ३० घेतो आणि ३० देतो, पण फर्नेसला घेणारा कुणी नकोय, देणाराच पाहिजे. म्हणून बसवर ३० मेगाव्हारचे कपॅसिटर हार्मोनिक गाळणाऱ्या फिल्टरच्या रूपात कायमचे चालू ठेवायचे आणि त्यावर ±३० चा स्टॅटकॉम. बेरीज शून्य ते ६०, सलग, कुठेही पायरी नाही. फर्नेस बंद झाली की स्टॅटकॉम फिल्टरचे ३० गिळतो, नाहीतर नुसत्या फिल्टरने ३०/५९० म्हणजे पाच टक्के व्होल्टेज चढलं असतं.

ही नवी कल्पना नाही. स्वीडनमध्ये हागफोर्सच्या स्टील प्लँटला १९९९ मध्ये आर्क फर्नेससाठी अगदी हेच केलं, ±२२ चा कन्व्हर्टर आणि सोबत २२ चे फिल्टर, मिळून शून्य ते ४४.

आपली फर्नेस ८० पर्यंत जाते आणि आपण ६० ला थांबतोय, हे मुद्दाम. तिन्ही इलेक्ट्रोड पूर्ण बुडालेली अवस्था क्वचित आणि थोडा वेळ असते, तिच्यासाठी अजून २० घेतले तर पैसे बरेच जातात आणि पीएसटी फारसा हलत नाही. पण तुमचं स्क्रॅप हलकं, मोकळं, फारच उसळणारं असेल तर वर सांगितलेला ६० चा आकडा ८५ कडे जातो, पीएसटी २.४ ऐवजी ३.४ होतो, आणि मग तिप्पट पुरत नाही, सव्वाचारपट लागते. तिथे हात आखडता घेतलात तर कमिशनिंगच्या दिवशी सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

पॅनलवाला म्हणतो सात टक्के डिट्यून्ड रिॲक्टर टाकला की हार्मोनिकची काळजी नको. खरं का?

ड्राइव्ह आणि रेक्टिफायरच्या लोडला खरं, आर्क फर्नेसला धोक्याचं. सात टक्के रिॲक्टर म्हणजे बँक १८९ हर्ट्झला ट्यून झाली, पाचव्या हार्मोनिकच्या, म्हणजे ५० च्या पाचपट २५० हर्ट्झच्या, खाली, ठीक. पण कुठलीही बँक ट्यूनिंगच्या खाली कुठेतरी ग्रिडच्या इंडक्टन्सबरोबर पॅरलल रेझोनन्स करतेच. तो कुठे येतो ते असं काढायचं, p म्हणजे रिॲक्टरचे टक्के (७ टक्के म्हणजे ०.०७), Q म्हणजे चालू असलेले मेगाव्हार, S म्हणजे फॉल्ट लेव्हल:

```
n = 1 / √(p + Q/S)
```

आपल्या बसवर १० मेगाव्हार चालू असताना ३.३९ येतो, २० ला ३.१०, ३० ला २.८८. म्हणजे स्टेप बदलताना रेझोनन्स तिसऱ्या हार्मोनिकवरून अलीकडे-पलीकडे फिरतो. रेक्टिफायर तिसरा फारसा देत नाही म्हणून तिथे कुणाला कळत नाही, पण आर्क फर्नेस दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा सगळे देते आणि मधले-अधलेही देते.

एका प्लँटमध्ये मी हे डोळ्यांनी पाहिलंय. पहिली बकेट पडली की रिॲक्टरचा आवाज बदलायचा, नेहमीच्या गुणगुणण्याऐवजी घरघर, आणि रिफायनिंगला परत शांत. महिन्याला दोन-तीन कपॅसिटर फ्यूज जायचे, नेमके दोन स्टेप चालू असतानाच. सहा महिने सगळ्यांनी फ्यूजच्या कंपनीला शिव्या दिल्या. शेवटी एका संध्याकाळी ॲनालायझर घेऊन बसलो, बँकेच्या करंटमध्ये तिसरा हार्मोनिक बोअरिंगच्या वेळी फंडामेंटलच्या निम्म्याच्याही वर जात होता. फ्यूज बिचारे बरोबरच वागत होते. आणि एक युनिट गेलं की मेगाव्हार कमी, मेगाव्हार कमी की रेझोनन्स सरकला, त्यामुळे लक्षणं दर आठवड्याला वेगळी.

म्हणून फर्नेसला दुसऱ्या-तिसऱ्याचे नीट डिझाइन केलेले फिल्टर लागतात. दुसऱ्यासाठी सहसा सी-टाइप घेतात, त्यात डॅम्पिंगचा रेझिस्टर असतो पण ५० हर्ट्झला तो जवळजवळ काही खात नाही. आणि फिल्टर कायमचे चालू ठेवले म्हणजे रेझोनन्स एका जागी राहतो, स्टेपबरोबर भटकत नाही, हा फिल्टर आणि स्टॅटकॉमच्या जोडीचा आणखी एक फायदा ज्याबद्दल विकणारे फारसं बोलत नाहीत.

स्टॅटकॉम लावला आणि फ्लिकर वाढला. असं होऊ शकतं?

होतं, आणि बहुतेक वेळा दोष वायरिंगमध्ये सापडतो. फ्लिकरसाठीचा कंट्रोल बसचं व्होल्टेज पडायची वाट बघत नाही, तो फर्नेस फीडरचा करंट मोजतो आणि त्यातला नको तो भाग उलटा करून बसवर टाकतो. म्हणजे सीटीची, करंट मोजणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरची, दिशा चुकली तर वजाबाकीची बेरीज होते.

एका ठिकाणी तीनपैकी एकाच फेजचा सीटी उलटा लागला होता. सरासरी मेगाव्हार बरे दिसत होते, कारण दोन फेज नीट होते, पण स्टॅटकॉम चालू केला की कंट्रोल रूममधली ट्यूबच जास्त फडफडायची. दीड दिवस सॉफ्टवेअरचे गेन बदलण्यात गेला. पकडायची रीत सोपी आहे: फ्लॅट बाथच्या वेळी, फर्नेस शांत असताना, फेजनिहाय फर्नेसचा करंट आणि स्टॅटकॉमचा करंट एकाच स्क्रीनवर लावा आणि एक एक फेज बघा. तिन्हीमध्ये नातं सारखं दिसलं पाहिजे.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे सीटी फर्नेस फीडरऐवजी इनकमरवर. मग स्टॅटकॉमला स्वतःचाच करंट परत दिसतो आणि तो स्वतःच्या शेपटीमागे धावतो.

जालन्याला आमच्या इंडक्शन फर्नेस आहेत. आम्हालाही हेच लागेल का?

बहुतेक नाही. इंडक्शन फर्नेसच्या पुढे रेक्टिफायर असतो, त्यात आर्क नाही, शॉर्ट नाही, लोड सावकाश वर-खाली होतो. पुढे डायोड ब्रिज असेल तर पीएफ पॉवर कमी-जास्त केली तरी ०.९५ च्या आसपास राहतो. तुमचा खरा प्रश्न हार्मोनिकचा, पाचवा-सातवा किंवा अकरावा-तेरावा, पल्सवर अवलंबून. तिथे फिल्टर आणि साध्या स्टेपवर पैसे घाला. थायरिस्टर ब्रिजवाली जुनी फर्नेस कमी पॉवरला चालवताना पीएफ पाडते, पण तो बदलही मिनिटांचा असतो, स्टेपना झेपतो.

खरेदीआधी काय मोजून घ्यायचं?

मीटरचा पंधरा मिनिटांचा लोड सर्व्हे घेऊन बसू नका, त्यात फ्लिकरचा मागमूसही नसतो. क्लास ए चा ॲनालायझर १३२ च्या पॉइंटवर निदान आठवडाभर लावा, पीएसटी घ्या, आणि सोबत ३३ च्या फर्नेस फीडरवर अर्ध्या सायकलचे व्होल्टेज, करंट, मेगाव्हार नोंदवा. आठवड्यात फर्नेस बंद असलेली एक शिफ्ट आलीच पाहिजे, म्हणजे ग्रिडचा स्वतःचा पीएसटी कळतो.

पीएसटी साधे वजा होत नाहीत, त्यांचे घन वजा होतात. तुम्ही २.४ मोजला आणि फर्नेस बंद असताना ०.५ येत असेल तर फर्नेसचा वाटा २.४ च धरा, फरक हजारव्यांत आहे. पण शेजारी अजून एक फर्नेस असेल आणि तुमच्या बंद वेळेतही १.५ येत असेल तर तुमचा स्टॅटकॉम कितीही चांगला असला तरी पॉइंटवर ०.८ दिसणार नाही. हमी मागताना ही ओळ करारात घाला, नाहीतर नंतर भांडण.

फॉल्ट लेव्हलही लेखी घ्या, आणि सगळ्यात कमी असेल तेव्हाची घ्या, एखादी लाइन शटडाऊनला असतानाची. २००० ची १४०० झाली तर पीएसटी २.४ चा ३.४ होतो.

बिलात काय फरक पडेल?

महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून एचटी ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर आलंय, म्हणजे पीएफ खराब तर युनिटच वाढतात. नुसती ३० मेगाव्हारची बँक कायम ठेवली तर चार्जिंग आणि टॅपिंगच्या वेळी फर्नेस बंद असते आणि ते ३० लीडमध्ये ग्रिडला जातात. बिलावर लॅग आणि लीड वेगळे छापलेले असतात, लीडचा रकाना एकदा बघाच. स्टॅटकॉम हे दोन्ही मिटवतो.

पण तो फुकट चालत नाही. तोटा रेटिंगच्या एक टक्क्याच्या आसपास धरा, ±३० ला पूर्ण ताकदीवर ३०० किलोवॅट. वर्षाचे ७००० तास धरले तर २१ लाख युनिट, ८ रुपये धरले तर एक कोटी ६८ लाख. प्रत्यक्षात तो सतत पूर्ण ताकदीवर नसतो म्हणून कमी येईल, पण कोटेशनच्या तुलनेत हा रकाना नसेल तर तुलना खोटी आहे. कपॅसिटरचा तोटा याच्यापुढे नगण्य.

हीट लवकर संपते असंही विकताना सांगतात. बस पाच टक्के वर राहिली तर आर्कची पॉवर दहा टक्क्यांच्या जवळपास वाढते, हे खरं. मात्र सरासरी व्होल्टेज वर ठेवायचं काम फिल्टर आणि टॅप चेंजरही करतात, त्यामुळे या फायद्याचं सगळं श्रेय स्टॅटकॉमला देऊ नका.

सोलापूर, औरंगाबादला पॉवरग्रिडचे मोठे स्टॅटकॉम आहेत. ते आणि हे एकच का?

मशीन त्याच जातीचं, काम वेगळं. ते ४०० केव्हीच्या ग्रिडचं व्होल्टेज धरून ठेवतात, लाइन ट्रिप झाली वगैरे प्रसंगाला. गंमत म्हणजे तिथेही स्टॅटकॉमसोबत ब्रेकरने स्विच होणारे कपॅसिटर आणि रिॲक्टर ठेवलेत, संथ गरज त्यांच्यावर ढकलायची आणि स्टॅटकॉम पुढच्या झटक्यासाठी मोकळा ठेवायचा. ब्रेकरवाल्या कपॅसिटरला दिवसातून चार वेळा मारायचं काम दिलं तर तो वर्षानुवर्षं चालतो.

देखभालीत काय त्रास होतो?

धूळ आणि पाणी. फर्नेसची धूळ लोखंडाची, वीज वाहून नेणारी, आणि ती जिथे बसायला नको तिथेच बसते. स्टॅटकॉमची खोली आतून जास्त दाबावर ठेवतात म्हणजे दार उघडलं तरी हवा बाहेर जाते. मे महिन्यात एसी कमी पडतो म्हणून दार विटेने उघडं ठेवलेलं मी पाहिलंय, पुढच्या पावसाळ्यात त्याच खोलीत दोन मॉड्यूल गेली.

पाणी म्हणजे आयजीबीटी थंड करणारं डीआयोनाइज्ड पाणी, ते थेट एचटीवरच्या भागांतून फिरतं, त्यामुळे त्याची कंडक्टिव्हिटी वाढली की अलार्म आणि मग ट्रिप. रेझिन बदलायची तारीख स्टोअरवाल्यावर सोडू नका. एखाद-दुसरं मॉड्यूल गेलं तर बाकीची चालवून नेतात, डिझाइनमध्येच जादाची असतात, पण गेलेली मॉड्यूल मोजा आणि स्पेअर तेव्हाच मागवा, कारण जादाची संपल्यावर पुढचं एक गेलं की पूर्ण स्टॅटकॉम ट्रिप होतो. तेव्हा फिल्टरही काढायचे की चालू ठेवायचे, फर्नेस कमी टॅपवर चालवायची की थांबवायची, हे आधी लिहून पॅनलवर चिकटवून ठेवा, शिफ्टवाल्याला रात्री दोन वाजता फोनवर विचारायला लागू नये.